बातमी शेवटच्या ओळीत कशी लपवावी

संस्थेनं तुम्हाला प्रसिद्धीप्रमुख केलं, याचा अर्थ तुमचं अक्षर बरं आहे किंवा ज्या बैठकीत पदं वाटली त्या बैठकीला तुम्ही गैरहजर होतात. कारण काही असो, आता प्रेसनोट तुमच्या गळ्यात आहे. घाबरू नका. खान्देशात ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

उदाहरण घेऊ. समजा, सावद्याला तुमच्या केळी उत्पादक सहकारी संस्थेनं हिरवी केळी पिकवायला २० टनांचं रायपनिंग चेंबर बांधलं. सभासदांना पहिला महिना भाडं माफ. सकाळी फीत कापली, भाषणं झाली, भरीत-पुरीच्या पंगती उठल्या आणि दुपारी चेअरमन आबांनी वहीच्या दोन पानांवर मसुदा लिहून तुमच्या हातात दिला. त्यात व्यासपीठावरचे अकरा जण हुद्द्यांसकट आहेत. दीपप्रज्वलन आहे, प्रतिमापूजन आहे, स्वागतगीत कोणी म्हटलं ते आहे, सूत्रसंचालन आहे, आभार आहेत. आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी, आबांची सही जिथे सुरू होते तिच्या जरा वर, एक ओळ आहे : ‘तसेच सभासदांना पहिला महिना भाडे माफ राहील.’

हे ‘तसेच’ म्हणजे बातमी. तुमचं काम एवढंच, की तिला तिथून हलू द्यायचं नाही.

मथळ्यापासून सुरुवात करा. ‘मा. आबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली व मा. नानासाहेबांच्या शुभहस्ते, मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत संस्थेच्या भव्यदिव्य नूतन वास्तूचा शुभारंभ सोहळा मोठ्या उत्साहात संपन्न!’ याला म्हणतात मथळा. काय सुरू झालं हे तो शेवटपर्यंत कळू देत नाही. ‘वास्तू’ म्हटलं की चेंबर असो, मंगल कार्यालय असो की मुतारी, सगळं झाकलं जातं. काही खडूस लोक म्हणतात की मथळा आठ-दहा शब्दांचा असावा, त्यात कोणी काय केलं ते असावं, आणि उद्गारचिन्ह तर नसावंच. त्यांचं ऐकू नका. आठ-दहा शब्दांत आबाच पुरे बसत नाहीत.

मथळ्याखाली येते डेटलाइन, म्हणजे गाव आणि तारीख. इथे तुम्हाला मोठा वाव आहे. कार्यक्रम सावद्याला झाला, पण तुम्ही ‘जळगाव’ लिहा. जरा वजन येतं. नानासाहेब मुंबईहून आले असतील तर ‘मुंबई’सुद्धा चालून जाईल. ‘सावदा (ता. रावेर, जि. जळगाव)’ असं लिहिलं तर बातमी नेमकी रावेर-यावलच्या पानावर लागते आणि ज्यांची केळी आहे तेच लोक ती वाचतात. आपल्याला ती कुठे लावायची हे उपसंपादकाला समजू द्यायचं नाही, म्हणजे तो ती कुठेच लावत नाही.

तारखेच्या जागी ‘नुकताच’ लिहा. फार गुणी शब्द आहे. कालपासून गेल्या पोळ्यापर्यंत कुठलाही दिवस त्यात मावतो. अगदी तारीख घालायचीच झाली तर कार्यक्रमाची, पत्रक काढल्याची आणि छापून येण्याची अशा तिन्ही तारखांची गल्लत करून टाका. शिकलेले लोक सांगतात की डेटलाइनमधली तारीख पत्रक प्रसिद्धीला दिल्याची, आणि कार्यक्रमाचा दिवस खाली मजकुरात वारासकट लिहायचा. तेच लोक ‘आज’ आणि ‘उद्या’ टाळायला सांगतात, कारण तुमचा आज वाचकाच्या हातात पेपर पडेपर्यंत काल झालेला असतो. तुम्ही बेलाशक ‘उद्या नोंदणी’ लिहा. नोंदणी संपल्यावर लोक येतील, पण येतील.

डेटलाइनच्या पुढे कंसात ‘प्रतिनिधी’ किंवा ‘आमच्या वार्ताहराकडून’ लिहायला विसरू नका. पेपरचा माणूस कार्यक्रमाला आला नव्हता, तुम्हीच घरी बसून लिहिलंय, हे पेपरवाल्यांना थोडंच माहीत असतं!

आता अवतरण. प्रेसनोटमध्ये माणसाच्या तोंडचं बोलणं अवतरणचिन्हांत, स्वतंत्र परिच्छेदात, नाव आणि पदासह द्यायची पद्धत आहे. आबांच्या तोंडी हे घाला : “आजचा दिवस आमच्यासाठी अत्यंत आनंदाचा व अभिमानाचा असून, सर्वांच्या सहकार्यामुळेच हे स्वप्न साकार झाले आहे.” मग व्हाईस चेअरमनच्या तोंडी हेच घाला, फक्त ‘आनंदाचा’ आणि ‘अभिमानाचा’ यांची अदलाबदल करा. सेक्रेटरी राहिले तर ते रुसतील, म्हणून त्यांनाही अभिमान वाटू द्या. अवतरण चांगलं उतरलं की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे. चेंबरच्या जागी पाण्याची टाकी किंवा व्यायामशाळा ठेवून बघा. एकही शब्द बदलावा लागला नाही, तर अवतरण पक्कं झालं. पुढच्या वर्षीही तेच वापरता येईल.

आबा खरोखर काय बोलले ते मात्र चुकूनही घेऊ नका. भाषण आटोपून पंगतीत बसल्यावर ते शेजारच्याला म्हणाले होते, “आपली केळी हिरवी जाते दिल्लीला, पिकते तिथं, आणि पिकवायचा पैसा बी तिथंच राहतो भो. थोडा तरी सावद्यात राहू दे ना.” हे छापलं तर चेंबर कशासाठी बांधलं हे लोकांना कळेल. अवतरणात असं काहीतरी यावं लागतं जे मजकुरातल्या आकड्यांत येत नाही, म्हणजे कारण, मत किंवा हेतू, अशी एक खुळचट समजूत आहे. शिवाय त्यासाठी आबांना ते वाक्य वाचून दाखवून ‘हे तुमच्या नावानं देऊ का’ असं विचारावं लागतं. एवढा वेळ कुणाला आहे?

शेवटी बॉयलरप्लेट, म्हणजे ‘संस्थेविषयी’ हा ठरीव परिच्छेद. खरं तर तो एकदा बसून लिहायचा, तीन-चार वाक्यांत, आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी जसाच्या तसा चिकटवायचा. स्थापना कधी, सभासद किती, काम काय, कार्यालय कुठे. नव्या वार्ताहराला संस्था माहीत नसेल तर त्याला तो कामी येतो, आणि जागा नसेल तर उपसंपादक निर्धास्तपणे उडवतो. हे फारच कोरडं झालं. तुम्ही तो वर घ्या, मथळ्याच्या लगेच खाली, आणि संस्थापकांच्या बालपणापासून सुरू करा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात तुमच्या संस्थेचा काही हात नव्हता. तरी वाक्य असं रचा की तो होता असं वाटावं. सभासदांची संख्या दर खेपेला नवी द्या. मागच्या पत्रकात सव्वातीनशे होती, आता ‘हजारो’ करा. दोन्ही पत्रकं शेजारी ठेवणारा वार्ताहर क्वचितच भेटतो. भेटला, तर मग मात्र तो फोन करतो.

आता एक धोका सांगतो. आमच्याकडे संचालकांपैकी एकाची मुलगी पत्रकारिता शिकून आली. तिनं आबांचा मसुदा घेतला, शेवटच्या पानावरून उलटा वाचायला सुरुवात केली, ‘तसेच’ला पेन्सिलीनं गोल केला आणि अर्ध्या तासात ही वस्तू तयार केली. असलं तुमच्या हातून होऊ नये म्हणून मुद्दाम देतो. नावं आणि तिनं भरलेले आकडे गाळले आहेत :

प्रसिद्धीसाठी

सावद्यात २० टनांचे केळी रायपनिंग चेंबर सुरू. सभासदांना महिनाभर भाडे माफ

सावदा (ता. रावेर, जि. जळगाव), दि. १२ डिसेंबर २०२५ : येथील केळी उत्पादक सहकारी संस्थेचे २० टन क्षमतेचे रायपनिंग चेंबर शुक्रवारी (दि. १२) सुरू झाले. सभासदांना ११ जानेवारीपर्यंत ते विनाभाडे वापरता येईल. नोंदणी संस्थेच्या सावदा कार्यालयात सुरू आहे.

चेंबरमध्ये १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमानात इथिलीन वायूच्या साहाय्याने केळी पिकवली जाईल. एका खेपेला चार ते पाच दिवस लागतील.

“आपली केळी हिरवीच दिल्लीला जाते आणि तिथे पिकते. पिकवण्याचा पैसाही तिथेच राहतो. तो थोडा तरी सावद्यात राहावा म्हणून हे चेंबर बांधले,” असे संस्थेचे चेअरमन ........ यांनी सांगितले.

उद्घाटन ........ यांच्या हस्ते झाले. संचालक मंडळ व सभासद उपस्थित होते.

संस्थेविषयी : रावेर व यावल तालुक्यांतील केळी उत्पादकांची ही नोंदणीकृत सहकारी संस्था आहे. स्थापना ....; सभासद ..... . संस्था केळीची प्रतवारी, पॅकिंग व विक्रीव्यवस्था पाहते.

संपर्क : नाव, पद, मोबाइल (सायंकाळी ५ ते ९)

\###

बघा, काय अवस्था केली! अकरा मान्यवरांतला एक उरला. स्वागतगीत गेलं. खालच्या तीन चौकटी म्हणजे एक इशारा आहे, की मजकूर संपला, पुढे पान हरवलेलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ही रचना खालून कापली तरी मरत नाही. संध्याकाळी पानावर जाहिरात आली की उपसंपादक हिशेब करत बसत नाही, तो तळापासून उडवतो. संस्थेविषयी गेलं, उद्घाटन गेलं, अगदी अवतरणसुद्धा गेलं, तरी चेंबर सुरू झालं आणि भाडं माफ आहे हे पहिल्या परिच्छेदात शिल्लक राहतं. तुमच्या पद्धतीनं लिहिलेलं खालून कापलं, तर पहिल्यांदा भाडेमाफी जाते, मग चेंबर जातं, आणि उरतं ते दीपप्रज्वलन. पाचव्या पानावर दोन इंचांत येतं, ‘सावद्यात कार्यक्रम उत्साहात’. सभासद वाचतात आणि विचारतात, कसला कार्यक्रम?

पाठवण्याचंही एक तंत्र आहे. मजकूर ई-मेलमध्ये युनिकोडमध्ये टाइप करून पाठवलात, तर समोरचा तो दोन मिनिटांत उचलून पानावर लावेल. म्हणून लेटरहेडवर प्रिंट काढा, आबांचा शिक्का मारा, टेबलावर ठेवून जरा तिरका फोटो काढा आणि व्हॉट्सॲपवर पाठवा. आता त्याला सगळं पुन्हा टाइप करावं लागेल, आणि शिक्क्याखाली गेलेलं आडनाव अंदाजानं लिहावं लागेल. कार्यक्रमाचे फोटो चोवीस पाठवा, एकालाही ओळ देऊ नका. ‘डावीकडून’ म्हणून क्रमानं नावं लिहिली की त्याला नानासाहेब कोण ते कळेल, आणि कळलं की तो फोटो वापरेल. संपर्काला संस्थेच्या लँडलाइनचा नंबर द्या. संस्था साडेपाचला बंद होते, आणि त्याला शंका सातला येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडा, खजिनदारांचं नाव सुटलेलं शोधा, आणि लगेच त्या उपसंपादकाला फोन लावा. तो रात्री दोनला झोपलेला असतो, त्यामुळे सात ही वेळ उत्तम. “आमच्या खजिनदारांनी काय घोडं मारलं होतं भाऊ तुमचं?” एवढंच विचारा. तुमच्या संस्थेचं नाव त्याच्या पक्कं लक्षात राहील.