100 पैकी 100 हून जास्त गुण मिळवणारी 12 मुलं

"परीक्षा कुठलीही असो, गुण बेल कर्व्हमध्येच पडतात. सरासरी आणि प्रमाण विचलन घ्या, एक्सेलमध्ये =1-NORM.DIST(कटऑफ, सरासरी, विचलन, TRUE) टाका. कटऑफच्या वर किती टक्के मुलं असायला हवीत ते अचूक कळेल. मुलं जितकी जास्त, तितकं उत्तर पक्कं. प्रत्यक्ष निकाल याच्याशी जुळला नाही, तर गुणवाटपात घोळ आहे हे नक्की. सगळ्या पालकांपर्यंत पोचवा."

पोचवलंच. माझी ताई गणित शिकवते. तिच्या परीक्षेचा निकाल लागला त्याच संध्याकाळी एका पालकांनी हा मेसेज तिला धाडला, आणि खाली स्वतःचा हिशोबही जोडला. परीक्षा 100 गुणांची, मुलं 200, सरासरी 72, प्रमाण विचलन 18. पुढच्या तुकडीसाठी कटऑफ 80. सूत्राचं उत्तर 32.8 टक्के, म्हणजे 66 मुलं. प्रत्यक्षात 80 किंवा जास्त गुण मिळवणारी मुलं 78. "मॅडम, ही वरची 12 कुणाची?" असा शेवटी प्रश्न. एरवी असले मेसेज मी न वाचता पुसतो. पण इथे एका बाईच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवलंय, आणि तेही ज्या सूत्राच्या जोरावर, ते सूत्र लिहिणाऱ्याला कळलेलंच नाही.

म्हणून मेसेजच्या शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो. विषारी भाग तोच आहे.

त्याच एक्सेलमध्ये, त्याच सरासरी-विचलनावर, कटऑफच्या जागी 80 ऐवजी 100 टाका. 100 वजा 72 म्हणजे 28, त्याला 18 ने भागलं की 1.56. सरासरीच्या 1.56 विचलनं वर जाणाऱ्यांचा वाटा नॉर्मल वितरणात, म्हणजे बेल कर्व्हमध्ये, सुमारे 6 टक्के असतो. 200 चे 6 टक्के म्हणजे 12. म्हणजे या सूत्राच्या मते ताईच्या परीक्षेत 12 मुलांना 100 पैकी 100 हून जास्त गुण मिळालेत! 12 मुलं कुठून आली असं विचारणाऱ्यांनी आधी या 12 जणांचे पेपर दाखवावेत.

हा आकड्यांचा खेळ नाही, चूक नेमकी इथेच आहे. बेल कर्व्हला दोन्ही बाजूंना टोक नसतं, तो कुठेच थांबत नाही. गुणांना मात्र वर 100 चं छत आहे. पेपर सोपा गेला, सरासरी 72 वर गेली, की वरच्या बाजूला फक्त 28 गुणांची जागा उरते आणि खालच्या बाजूला 72 ची. विचलन 18 असेल तर वर दीड विचलनाएवढीच जागा आहे. मग ज्या मुलांना सूत्र छतावर बसवतं ती प्रत्यक्षात छताखालीच असणार: ऐंशीत, नव्वदीच्या सुरुवातीला. डाव्या बाजूला मात्र 20-30 गुणांपर्यंत शेपूट लांबत जातं. अशा यादीत मध्यक सरासरीच्या वर सरकतो. ताईच्या यादीत तो 75 होता. सममित बेल कर्व्हमध्ये हे दोन्ही आकडे एकाच जागी असायला हवेत.

आता त्याच यादीवर कटऑफ 95 धरा. सूत्र म्हणतं 10 टक्के, म्हणजे 20 मुलं. प्रत्यक्षात 95 किंवा जास्त असलेली मुलं 13. पालकांचा न्याय लावायचा तर 80 च्या रेषेवर ताईने 12 मुलांना गुण वाटले आणि 95 च्या रेषेवर 7 मुलांचे कापले. एकाच पेपरगठ्ठ्यात, एकाच पेनाने. छताजवळ गर्दी झालेल्या यादीत हे असंच होतं. मधल्या-वरच्या पट्ट्यात सूत्र कमी मुलं दाखवतं, अगदी टोकाला जास्त दाखवतं, आणि या दोहोंच्या मध्ये एखाद्या कटऑफवर दोन्ही चुका एकमेकींना खाऊन उत्तर चक्क बरोबरही येतं. ताईच्या यादीत 90 च्या आसपास ते तसं येतं. मेसेज लिहिणाऱ्याने कधी तरी असाच एक कटऑफ तपासला असावा आणि "अचूक" हा शब्द तिथून आला असावा.

आता "मुलं जितकी जास्त, तितकं उत्तर पक्कं". इथे सेंट्रल लिमिट थिअरम अर्धवट ऐकलेला दिसतो. तो सरासऱ्यांबद्दल बोलतो. अनेक तुकड्या घेतल्या आणि प्रत्येकीची सरासरी मांडली, तर त्या सरासऱ्या बेल कर्व्हच्या जवळ जातात. एकेका मुलाच्या गुणांबद्दल तो असं काही सांगत नाही. 200 च्या जागी 20,000 मुलं बसवली तर आलेख गुळगुळीत होईल, पण ज्या आकाराचा आहे त्याच आकाराचा राहील. एका बाजूला कललेला असेल तर आणखी ठसठशीत कललेला दिसेल, इतकंच.

यावर जरा जाणकार माणूस म्हणेल, की अहो, एका मुलाचे एकूण गुण हीसुद्धा अनेक प्रश्नांची बेरीजच आहे, मग बेरजेला तो नियम का लागू नये? प्रश्न रास्त आहे. पण त्या नियमाला प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र लागतात. ज्या मुलाला तिसरा प्रश्न आला त्याला चौथा येण्याचीही शक्यता जास्त असते, कारण अभ्यास एकाच डोक्याने केलेला असतो. हे मोजताही येतं. एकेका गुणाचे 100 प्रश्न आहेत, सगळ्या मुलांची तयारी अगदी सारखी आहे आणि प्रत्येक प्रश्न बरोबर येण्याची शक्यता 72 टक्के आहे असं धरा. मग गुणांतला फरक निव्वळ नशिबाचा, आणि त्याचं प्रमाण विचलन येतं 4.5. ताईच्या यादीत ते 18 आहे. म्हणजे हा पसारा नशिबाचा नाही, मुलामुलांतल्या तयारीच्या फरकाचा आहे. एका वर्गात निम्मी मुलं तयारीची आणि निम्मी चाचपडणारी असतील तर आलेखाला दोन उंचवटे येतील. त्या दोन उंचवट्यांनी बेल कर्व्ह व्हावं असा निसर्गाचा काही हुकूम नाही.

"परीक्षा कुठलीही असो" यावर फार शब्द खर्च करत नाही. 1989 मध्ये थिओडोर मिचेरी यांनी 'सायकॉलॉजिकल बुलेटिन' या नियतकालिकात 440 मोठ्या नमुन्यांचा आढावा प्रसिद्ध केला. शैक्षणिक चाचण्या आणि मानसशास्त्रीय मापनं, दोन्ही त्यात होती. 1 टक्का पातळीच्या कसोटीवर 440 पैकी एकही वितरण नॉर्मल ठरलं नाही. एकही नाही. मोठ्या नमुन्यात बारीकसा फरकही कसोटी पकडते हे खरं, पण तिथे छताला टेकलेले, एका बाजूला कललेले, दोन उंचवट्यांचे असे ढळढळीत वेगळे आकारही भरपूर होते. बुद्ध्यंकाचे आकडे बेल कर्व्हमध्ये पडतात हा दाखला कुणी देणार असेल तर आधीच सांगतो: ते आकडे सरासरी 100 आणि विचलन 15 यावर मुद्दाम तसे बसवलेले असतात.

बरं, सूत्र टाकाऊ आहे का? नाही, एवढं मान्य करावं लागेल. पेपर लांबलचक आणि मध्यम काठिण्याचा असेल, सरासरी समजा 52 आणि विचलन 14 असेल, तर 100 चं छत सरासरीपासून जवळपास साडेतीन विचलनं दूर आहे आणि 0 चा तळही तितकाच लांब. तिथे छताचा उपद्रव नाही. मुलं एकाच प्रकारची असतील आणि कटऑफ 60 असेल, तर 28 टक्के हे सूत्राचं उत्तर अंदाज म्हणून चालेल. गुण पूर्णांकात असले तर 60 ऐवजी 59.5 टाकावं, म्हणजे "60 किंवा जास्त" नीट मोजलं जातं. छोट्या चाचणीत हा अर्धा गुण फार बोलतो. 20 गुणांची चाचणी, सरासरी 12, विचलन 3, कटऑफ 15 असेल तर 15 टाकून 16 टक्के येतात आणि 14.5 टाकून 20.

पण हा अंदाज कधी लागतो? हातात फक्त सरासरी आणि विचलन आहे, यादी नाही, तेव्हा. ताईकडे 200 गुणांची यादी समोर होती! यादी असताना सूत्राने अंदाज बांधायचा आणि तो मोजणीशी जुळला नाही म्हणून मोजणीवर संशय घ्यायचा, ही तऱ्हा मला अजून पचत नाही. मोजायला एवढंच लागतं:

```
=COUNTIF(B2:B201,">=80")/COUNT(B2:B201)
```

यातही एक खोच आहे. गैरहजर मुलापुढे AB लिहिलं असेल तर COUNT त्याला धरत नाही, 0 लिहिला असेल तर धरतो. आणि हाच 0 नॉर्मलच्या सूत्रात गेला की धमाल होते. परीक्षेला बसलेली 180 मुलं घ्या, सरासरी 70, विचलन 12, आकार चांगला बेल कर्व्हसारखा. कटऑफ 85 धरला तर वर 10.6 टक्के, म्हणजे 19 मुलं. आता 20 गैरहजर मुलांचे शून्य यादीत भरा. सरासरी घसरून 63 होते, पण विचलन फुगून जवळजवळ 24 होतं. सूत्र आता 85 च्या वर 18 टक्के सांगतं, म्हणजे 200 पैकी 36 मुलं. 20 मुलं घरी बसली म्हणून 17 हुशार मुलं जन्माला आली.

तेव्हा सूत्र वापरायचंच असेल तर आधी कटऑफच्या जागी कमाल गुण टाकून बघा, मग 0 टाकून बघा. कमालच्या वर किंवा शून्याच्या खाली एखाद-दुसरा टक्का जरी मुलं पडत असतील, तर त्या यादीला ते सूत्र लावू नका.

राहिला घोळाचा संशय. गुणांची खैरात झाली आहे का हे आकड्यांतून कधी कधी खरंच दिसतं, हेही खरं. पण ते बेल कर्व्हशी ताडून नाही, शेजारच्या आकड्यांशी ताडून. 76, 77, 78, 79, 80, 81, 82 यांपैकी प्रत्येक गुणावर किती मुलं आहेत ते लिहून काढायचं. 78-79 वर अचानक खड्डा आणि बरोबर 80 वर उंच सुळका असेल, तर कुणीतरी काठावरच्या मुलांना वर ओढलंय असा संशय रास्त ठरतो. ताईच्या यादीत या सातही गुणांवर चार ते सहा मुलं आहेत, 79 वर पाच आणि 80 वरही पाच. हे सात आकडे तिने त्या पालकांना पाठवलेत.