फोटोत दिसते ती फट. न दिसणारे ते हाड

«माझ्या पुढच्या दोन दातांत फट आहे, फोटो पाठवतो, अलाइनरने बंद होईल का?» दात सरकवणाऱ्या पारदर्शक अलाइनरबद्दलचा हा प्रश्न आता रोजचा झाला आहे. फोटो पाठवणं चुकीचं नाही. फोटोवरून बरंच कळतं. पण वय तिशी-चाळिशीच्या पुढे असेल आणि फट *नव्याने* पडली असेल, तर निव्वळ फोटोवर उपचार ठरवणं मला धोक्याचं वाटतं. का, ते एका नमुन्यावरून सांगतो.

समजा वय ४२. हसतानाच्या फोटोत वरच्या मधल्या दोन दातांमध्ये फट दिसते. ती किती आहे याचा अंदाज फोटोवरूनच बांधता येतो. वरच्या मधल्या दाताची रुंदी साधारण साडेआठ मिलिमीटर असते. फोटोत फट त्या रुंदीच्या पाव भागाइतकी दिसत असेल, तर ती दोन मिलिमीटरच्या आसपास आहे. शिवाय उजवा दात डाव्यापेक्षा किंचित खाली उतरलेला आणि पुढे झुकलेला दिसतो. हसताना हिरडी किती दिसते, दोन्ही बाजूंचे सुळे सारख्या उंचीवर आहेत का, दातांची मध्यरेषा नाकाच्या रेषेत आहे का, हेही दिसतं. मध्यरेषा एखाद-दोन मिलिमीटर बाजूला सरकलेली असली तर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. तिरपी झालेली मात्र चटकन खुपते.

अर्थात हे सगळं फोटो नीट काढला असेल तरच. हात लांब करून जवळून काढलेल्या सेल्फीत नाक आणि पुढचे दात मोठे दिसतात, बाजूचे दात मागे पडतात. काही फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात डावं-उजवं उलटं येतं. मान जरा कलली की सरळ दातही तिरके वाटतात, आणि हनुवटी वर केली की हसण्याची कमान सपाट दिसते. म्हणून फोटो दुसऱ्या कुणाला मागच्या कॅमेऱ्याने, एक-दीड मीटरवरून, थोडा झूम करून काढायला सांगा. कॅमेरा दातांच्या उंचीवर हवा आणि दोन्ही डोळे एका आडव्या रेषेत हवेत. एक फोटो मोकळेपणाने हसतानाचा आणि एक मागच्या दाढा घट्ट मिटून, ओठ बाजूला ओढून काढलेला असावा.

पण या माणसाच्या बाबतीत सगळ्यात उपयोगी फोटो आजचा नाही, आठ-दहा वर्षांपूर्वीचा आहे. जुन्या फोटोत फट नसेल, तर प्रश्नच बदलतो. दात वेडावाकडा उगवलेला नाही, तो जागचा हललेला आहे. मोठ्या माणसाचा दात कारणाशिवाय जागा सोडत नाही. (सात ते बारा वर्षांच्या मुलांचं गणित वेगळं: सुळे येण्याआधी मध्ये फट असणं बहुधा नैसर्गिक असतं आणि सुळे उतरले की ती बरीचशी मिटते.)

हे कारण डेंटिस्ट कसं शोधतो? आधी हिरडी. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक बोथट सळई, म्हणजे प्रोब, दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत हलकेच सरकवायची, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. एक ते तीन मिलिमीटर खोली निरोगी मानली जाते. समजा आपल्या माणसाच्या या दोन दातांच्या मध्ये ती सहा-सात भरली आणि प्रोब काढल्यावर रक्त आलं. बाहेरून हिरडी गुलाबी, ठीकठाक दिसू शकते, विशेषतः तंबाखू ओढणाऱ्यांची, कारण त्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं. मग दात दोन उपकरणांच्या दांड्यांमध्ये धरून हलवून पाहायचा. मग वरच्या दातावर बोटाचं टोक ठेवून मिटवायला सांगायचं: दात मिटताना बोटाला धक्का जाणवला, तर खालचे दात त्याला मागून ढकलत आहेत. शेवटी त्या दातांचा छोटा एक्स-रे. समजा त्यात मुळाच्या हिरडीकडच्या एक तृतीयांश भागाभोवतीचं हाड झिजलेलं दिसलं, आणि तपासताना कळलं की खालची एक दाढ पूर्वी काढली होती, जागा रिकामीच आहे.

आता कोडं सुटतं. दाढ नसल्याने चावण्याचा भार पुढे सरकला, हिरडीच्या आजाराने हाड कमी झालं, आणि उरलेल्या हाडाला तो भार पेलवेना. दात पुढे झुकला, खाली उतरला, फट पडली. यातलं जे दिसत होतं ते फक्त शेवटचं पाऊल. जीभ सतत दातांवर ढकलण्याची सवय, वरच्या ओठाला हिरडीशी जोडणारी जाड घडी किंवा मध्ये अडकलेला जादा दात ही फटीची इतर कारणंही असतात. घडी ओठ ओढून पाहिल्यावर कळते: दातांमधली हिरडी पांढरी पडते. जादा दात एक्स-रेतच दिसतो.

अशा हिरडीवर फोटो पाहून अलाइनर चढवले तर काय होतं? दात सरकतो, फट मिटतेही, म्हणून सगळे खूश होतात. पण सूज असताना दात सरकवला की उरलेलं हाडही झपाट्याने जाऊ शकतं. दुसरं, हाड कमी असलं की दात मुळाच्या टोकाजवळ फिरतो, त्यामुळे तेवढ्याच जोराने तो जास्त झुकतो. दात सरकवण्याचा जोर आधी कमी करावा लागतो, आणि ते ठरवायला हाड कुठवर आहे ते माहीत हवं.

म्हणून क्रम असा: आधी हिरडीखालची खोल स्वच्छता, घरी दातांमधल्या फटीसाठीचा ब्रश, रक्तातली साखर तपासणं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा प्रोब. खोली कमी झाली आणि रक्त थांबलं, तरच तारा किंवा अलाइनर, हलक्या जोराने. रिकाम्या दाढेच्या जागेचंही आधी ठरवायचं, नाहीतर भार तसाच राहतो.

आणखी एक गोष्ट उपचाराआधीच सांगितली गेली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. फट मिटल्यावर दोन दात जिथे टेकतात तिथपासून हाडापर्यंतचं अंतर पाच मिलिमीटर किंवा कमी असेल, तर मधली हिरडी जवळजवळ नेहमी जागा भरते. सहा झालं की निम्म्याच वेळा, सात झालं की त्याहून कमी. आपल्या माणसाचं हाड झिजलेलं आहे, म्हणजे फट गेली तरी हिरडीजवळ छोटा काळा त्रिकोण राहण्याची शक्यता मोठी. तो दातांच्या कडा हलक्या घासून किंवा फिलिंगने कमी करता येतो. पण ही कल्पना आधी न दिल्यास रुग्णाला उपचार बिघडल्यासारखं वाटतं.

शेवटी टिकवणं. हाड गमावलेला दात परत सरकायला टपलेलाच असतो, म्हणून मागच्या बाजूने बारीक तार चिकटवून ती कायम ठेवावी लागते. तारेखाली साफसफाई अवघड असल्याने दर तीन-चार महिन्यांनी हिरडीची तपासणी, आणि तार एका दातावरून सुटली तर त्याच आठवड्यात दाखवायचं; ती आरशात जागेवरच असल्यासारखी दिसते आणि तोवर तो एक दात एकटाच हलायला लागलेला असतो.