माग काही ठरवत नाही, मामा

«जगातला पहिला कॉम्प्युटर १८०४ साली फ्रान्सच्या जकार्डने एकट्याने बनवला! तो माग बायनरीवर चालायचा आणि कोणता धागा उचलायचा हे स्वतः ठरवायचा. बॅबेजने फक्त नक्कल केली. आयबीएमनेही तीच कार्डं वापरली. पुढे पाठवा.»

मामांनी हे फॅमिली ग्रुपवर टाकलं तेव्हा मी गप्प बसले. काल भाचीच्या प्रकल्पवहीत तेच शाईने उतरलेलं दिसलं, म्हणून हा खटाटोप.

आधी ते ‘स्वतः ठरवायचा’. पुठ्ठ्याचं कार्ड सुयांच्या रांगेवर दाबलं जातं. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हूक जागेवरच राहतो आणि वर जाणारी पट्टी त्याला अडकवून ताण्याचा धागा उचलते. भोक नसेल तिथे पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हूक पट्टीच्या वाटेतून बाजूला होतो, धागा खालीच राहतो. मग धोटा जातो आणि पुढचं कार्ड येतं. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. १८३९ साली लिऑनमध्ये खुद्द जकार्डचं रेशमी चित्र विणलं, त्याला सुमारे २४,००० कार्डं लागली. त्यातलं एकेक भोक माणसाने आधीच ठरवलेलं होतं.

चुकीचं भोक पडलं तर माग मुकाट्याने चूक विणतो. नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात त्याच ओळीवर खोट दिसली तर दोष कार्डात. कापडभर उभी रेघ गेली तर सुईत किंवा हुकात. सोलापुरी चादरीच्या जकार्ड मागालाही हेच लागू.

एवढं मात्र कबूल करते: नक्षी यंत्राबाहेर आली. कार्डांची माळ बदलली की तोच माग दुसरं कापड विणतो. भोक आहे किंवा नाही, हे दोनच पर्याय, तेही खरं. पण त्या भोकांवर माग कसलाही हिशोब करत नाही.

आता ‘नक्कल’. कार्डांची कल्पना इंग्रज गणिती बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी, म्हणजे ‘ॲनालिटिकल इंजिना’साठी, जकार्डकडूनच घेतली. पण त्या इंजिनावर एडा लव्हलेसने लिहिलेल्या १८४३च्या टिपा वाचा: विणकामातली कार्डांची पद्धत त्याच्या इंजिनाला पुरी पडत नव्हती, म्हणून ठरावीक कार्डं मागे फिरवून हवी तितक्यांदा वापरायची सोय आखली गेली. मागाची माळही फिरते, पण तिची टोकं एकमेकांना जोडलेली असतात म्हणून. शिवाय इंजिनात आकडे साठवायची जागा होती. कागदावरच, कारण ते पूर्ण झालंच नाही.

‘एकट्याने’? मागासाठी भोकांची कागदी पट्टी फ्रान्सच्याच बूशोंने १७२५ सालीच वापरली होती. आयबीएमचं म्हणाल, तर तिच्या पूर्वज-कंपनीचा संस्थापक होलेरिथ याने १८९०च्या अमेरिकन जनगणनेत कार्डांवर माणसांची माहिती टोचली, यंत्राला हुकूम नाही.

भाचीने ‘स्वतः ठरवायचा’ खोडून ‘कार्डात असेल तेच करायचा’ लिहिलं. मामांचा अंगठा अजून आलेला नाही.