गप झोप आता

रात्री साडेअकराला मोबाईलवर "झोपलास व्हय?" असं आलं की समजायचं, आता एक वाजणार. माझा मित्र पम्या दिवसा मार्केट यार्डात गुळाचे सौदे करतो. तिथं कुणाच्या बापाला भीत नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि गडी पार विरघळलेला.

तासभर बोललो. डोळ्यापुरतीच भूल देतात, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत आटपतं, त्याच दिवशी घरी सोडतात, हे सगळं सांगून झालं. त्याला ते आधीच पाठ होतं. प्रश्न ऑपरेशनचा नव्हताच, बोलणं कुठं थांबवायचं हा होता.

मी "काळजी करू नको" लिहिलं आणि पुसलं. पम्याला ते पाठवलं की "म्हणजे काळजीसारखं काय हाय?" हे ठरलेलं. "सगळं चांगलं होईल" याच्यावर तो "तुला कोण बोललं?" विचारणार. "आता बरं वाटतंय का?" हे तर आगीत तेल. शेवटच्या ओळीत प्रश्नचिन्ह टाकलं की समोरचा उत्तर देणार, आणि खरं उत्तर दिलं तर पहाट होणार. चंद्र-गुलाबवालं शुभ रात्रीचं चित्र पाठवायचं तर ते फॅमिली ग्रुपवर आमच्या मामांच्या नावावर कायमचं रजिस्टर आहे. शिवाय तासभर रडगाणं ऐकून गुलाब पाठवणं म्हणजे दार तोंडावर लावून वर तोरण बांधणं.

घाबरलेल्या माणसाला रात्री नुसता धीर नको असतो. उद्या सकाळचं काहीतरी ठरलेलं लागतं, आणि त्यातलं थोडं काम त्याच्याही हाताला लागतं. मग मी लिहिलं:

"सकाळी सातला गाडी घेऊन दारात हाय. काकूंची फाईल आणि रोजच्या गोळ्या तू आत्ताच पिशवीत भरून दाराला अडकव. डॉक्टरांना काय विचारायचं ते गाडीत बसून लिहू. रात्री लईच वाटलं तर फोन कर, आवाज चालू ठेवलाय. आता मी झोपतो, तूबी पड भावा."

'मी झोपतो' हे मुद्दाम. नुसतं 'झोप' म्हटलं की हाकलल्यासारखं वाटतं.

बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. मी श्वास धरून. शेवटी फक्त अंगठा आला. अंगठ्याला उत्तर द्यायचं नसतं. तिथं हृदय चिकटवायला गेलात की पम्या परत उठून बसतो. मी फोन उशाला ठेवला.

पंधराएक मिनिटांत परत वाजला. म्हटलं, आलं! तर काकूंच्या नंबरवरून व्हॉइस मेसेज. मागं रणगाड्यासारखं घोरणं.

"बाळा, पम्या झोपला रे. तेवढं सातला नको, साडेसातला ये. सातला माझी पूजा असती. आणि मला झोप येईना झालीया, तू जागा हाईस न्हवं?"