माझ्या विरोधात मत दिलेल्यांनाही राम राम

परवा तहसील कचेरीत आपल्या ग्रामपंचायत निवडणुकीची मोजणी झाली. वॉर्ड २ मधल्या माझ्या जागेवर मला २३१ मतं पडली, समोरच्या काकांना २०४ आणि नोटाला ९. त्या २३१ जणांचे हात जोडून आभार. पण आज जास्त बोलायचंय ते उरलेल्या २१३ जणांशी.

एवढ्याशा वॉर्डात कुठल्या घरानं कुठलं बटण दाबलं, याचा अंदाज पारावर तासाभरात लागतो. मग त्याचा हिशोब चुकता केला जातो. मी हे भोगलंय. मागच्या वेळी आमची खालची आळी पडलेल्या पॅनलबरोबर होती. निकालानंतर दोन महिन्यांत आमचं पाणी सकाळी सहावरून रात्री अकरावर गेलं. ना ठराव झाला, ना कागद निघाला. फक्त कॉक सोडायचा क्रम बदलला. वरच्या आळीचा कॉक आधी उघडायचा आणि आमची पाळी येईस्तोवर टाकी तळाला गेलेली असायची. आई नळाखाली कळशी लावून उंबऱ्यावर बसायची. एक कळशी भरायला वीस मिनिटं.

आता वरच्या आळीतली बरीच मतं मला पडलेली नाहीत. काल तिथल्या मावशींनी विचारलं, "आता आमचं पाणी मागं टाकणार का रे?" रात्रभर झोप लागली नाही.

नाही मावशी. पहिल्याच मासिक सभेत लेखी विषय देतोय: आळीवार पाण्याच्या वेळा फलकावर लावायच्या आणि क्रम दर आठवड्याला फिरवायचा, म्हणजे कायम शेवटी कुणीच राहणार नाही. पण मी एकटा सदस्य आहे, ठराव बहुमतानं होतो. म्हणून तुम्ही लागता. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं आली नाहीत की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पंचवीस माणसांत घरकुलाच्या यादीपासून सगळं मंजूर होतं. हरलेली बाजू रुसून घरी बसली की नेमकं हेच घडतं. २६ जानेवारीला या. माझ्या विरोधात बोलायचं असलं तरी या, आणि बोललेलं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

मिरवणूक काकांच्या दारावरून नेऊ दिली नाही, त्याचा आपल्या काही पोरांना राग आलाय. पोरांनो, पडलेल्याच्या दारात गुलाल उधळला की पाच वर्षं ती दोन घरं बोलत नाहीत. संध्याकाळी मी एकटाच पेढे घेऊन गेलो. काकूंनी चहा केला. निघताना काका म्हणाले, "शाळेमागच्या गटाराचं मी लोकांना सांगितलं होतं, तेवढं विसरू नको."

काका, लिहून घेतलंय. वित्त आयोगाच्या बंधित निधीतून पाणी आणि स्वच्छतेचीच कामं होतात. त्यात हे गटार बसतंय का, ते सोमवारी भाऊसाहेबांना विचारतो आणि तुमच्याकडं येतो.