हूक सुटला, पण दोष आयचा

*"ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून पैठणीच्या ब्लाऊजची टिचबटणं काढून हूक लावले. पहिल्याच लग्नात जेवायला बसले तर दोन हूक आपोआप सुटले, आणि छातीशी फट दिसत होती ती वेगळीच. त्यापेक्षा वेल्क्रोची पट्टी शिवली असती तर बरं झालं असतं. आजीच्या काळातले हूक कशाला पुढे रेटता?"*

ताई, लग्नात असं व्हावं याचं वाईट वाटलं. यातला अर्धा दोष माझा. "दीड-दीड इंचावर हूक लावा" एवढंच लिहून मी मोकळी झाले, हूक ज्यात अडकतो त्या आयबद्दल एक ओळही लिहिली नाही.

आधी सुटण्याचं बघू. हूक धरून राहतो तो ताणामुळे. ताण गेला की त्याला अडकून राहायला कारणच उरत नाही. मांडी घालून बसलं की ब्लाऊज पुढून सैल पडतो, हूक मागे सरकतो आणि आय मोठा असला तर अलगद बाहेर येतो. तुमचे सुटलेले दोन हूक बहुधा खालचेच असणार.

धाग्याचा आय हुकाच्या रुंदीपेक्षा जेमतेम जास्त लांब हवा, आणि कापडाला चिकटून सपाट. दुहेरी धाग्याचे दोन आडवे टाके घ्या, म्हणजे चार पदर होतात, आणि त्यावर काजाचा टाका दाट भरत न्या. भरताना सुईखाली बोट धरलं की आय कमानीसारखा उचलला जातो. बहुतेकींचं इथेच चुकतं. तयार आयमध्ये हूक घालून मागे ढकलून बघा. सहज निघाला तर आय उसवून पुन्हा करा. तयार धातूचा आय वापरलात का? त्यात गोल आणि सरळ असे दोन प्रकार येतात. गोल आय कडेला कड भिडते तिथे लावतात. आपली एक पट्टी दुसरीवर चढते, म्हणून सरळच घ्यायचा.

हूक लावतानाही नुसती दोन कडी शिवून थांबू नका. सुई पट्टीच्या आतून चोचीपर्यंत न्या आणि चोचीच्या मानेवर तीन-चार टाके घाला. ते नसले की ताणाखाली हूक पुढून उचलला जातो आणि पट्टीची कड दुमडते. सुई वरच्या रेशमातून बाहेर येऊ द्यायची नाही.

आता फटीचं. समजा, पट्टी सात इंचांची आहे. वर-खाली पाव इंच सोडून समान अंतरावर पाच हूक लावले, तर तिसरा येतो वरून साडेतीन इंचावर आणि चौथा पाच इंचांच्या जरा पुढे. छातीचा सर्वांत भरीव भाग सव्वाचार इंचावर असला तर तो नेमका दोघांच्या मधोमध पडतो, म्हणजे ताण सर्वांत जास्त तिथेच हूक नाही! म्हणून ब्लाऊज घालून, टाचणीने मिटवून, आरशासमोर त्या जागी खडूची खूण करा. पहिला हूक तिथे. मग त्याच्या वर तीन आणि खाली दोन, साधारण सव्वा-सव्वा इंचावर. एकच हूक वाढतो, पण फट जाते.

तरीही हुकांपासून बगलेकडे आडव्या सुरकुत्या ओढल्या जात असतील, तर ब्लाऊज घट्ट आहे. तिथे हूक काही करू शकत नाही. बगलेची शिलाई उसवून माया सोडवा.

वेल्क्रोला माझा सरसकट विरोध नाही. आडव्या ओढीला तो चांगलाच टिकतो, पण एका कडेने सोलला की भर्रकन निघतो. आपण उघडतोही तसाच. छातीच्या गोलाईवर आणि वाकताना ही सोलण्याची सुरुवात आपसूक होते. शिवाय त्याची काटेरी बाजू पैठणीच्या पदराला लागली तर रेशमाचे धागे ओढून काढेल. पिशवीच्या झाकणाला मात्र खुशाल लावा.

माझ्या आत्याच्या बोटांत संधिवात आहे, तिला हूक लावता येत नाहीत. तिच्या सुती ब्लाऊजना मी स्वतः वेल्क्रो लावलाय. अखंड पट्टी लावली तर ब्लाऊज पुठ्ठ्यासारखा उभा राहतो, म्हणून इंच-इंचाचे तुकडे. मऊ बाजू वरच्या पट्टीच्या आतून, म्हणजे अंगाला लागली तरी टोचत नाही. काटेरी बाजू खालच्या पट्टीवर. धुताना मिटवूनच टाकायचा, नाहीतर बादलीतल्या सगळ्या कपड्यांचे धागे आणि केस त्यात अडकतात.

आणि काढलेली टिचबटणं फेकली नसतील, तर त्यातलं एक गळ्याच्या टोकाशी परत लावा. तिथे ताण नसतो, नुसती कड सपाट बसायला हवी असते. त्या कामाला टिचबटणच बरं.