पार्सल उशिरा पोचलं? आधी ग्राहकालाच खोटं पाडा

समजा, तुम्ही सांगलीत घरून दिवाळीचा फराळ विकता. बंगळुरूच्या एका ताईंनी १,४५० रुपयांचा डबा मागवला होता. नरकचतुर्दशीच्या सकाळी आठ वाजता त्यांचा मेसेज येतो: "पहिली आंघोळ झाली, दुकानातली चकली आणून खाल्ली. तुमचा डबा कुठे आहे?"

घाबरू नका. सगळ्यात आधी फोन उलटा ठेवून चहा घ्या. ऑनलाइन बाजारपेठांवर विकणाऱ्यांनाही २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रारीची पोच द्यायला ४८ तास दिले आहेत. ही मुदत शेवटची आहे, एवढं थांबलंच पाहिजे असं नाही, असं कुणी म्हणेल. पण सरकारनं दिलेली सवलत वाया का घालवा? तोवर दिवाळीही उरकते आणि ताईंचा निम्मा प्रश्न आपोआप मिटतो.

मग उत्तराची सुरुवात "डिअर कस्टमर" अशी करा. ऑर्डर घेताना त्या "ताई" होत्या, "अनारसे जाळीदार येतात ना?" वगैरे गप्पाही झाल्या होत्या, पण आता त्या ग्राहक आहेत. त्यापुढे "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" हे वाक्य चिकटवा. कुठली गैरसोय, ते मात्र लिहू नका. सणाच्या सकाळी ताट रिकामं राहिलं, एवढं नेमकं लिहिलंत तर तुम्ही त्यांचा मेसेज वाचलाय हे उघडं पडेल.

यानंतर खरा हुकमी एक्का टाका: "आम्ही सोमवारीच पाठवलं होतं. पुढचं कुरिअरवाल्यांना विचारा." सोमवारी तुम्ही फक्त लेबल छापलं होतं. चकल्या तळून व्हायला मंगळवारची रात्र झाली, आणि कुरिअरच्या मुलाच्या हातात डबा पडला तो बुधवारी संध्याकाळी. पण हे ताईंना कुठून कळणार? कळतं, एवढीच अडचण आहे. ट्रॅकिंगच्या पानावर लेबल तयार झाल्याची नोंद वेगळी आणि पार्सल उचलल्याची पहिली नोंद वेगळी, दोन्ही तारीख-वेळेसकट असतात. ते पान ताईंनी तुमच्यापेक्षा जास्त वेळा उघडलेलं असतं. स्क्रीनशॉट आलाच, तर "सिस्टीममध्ये उशिरा अपडेट होतं" असं ठोकून द्या.

"डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक घरी नव्हते" असा शेरा तुमच्या पॅनेलवर दिसला, तर त्याला अजिबात हात लावू नका. ताई दिवसभर घरीच होत्या, हे त्यांना एका फोनवर विचारून समजलं असतं. पुन्हा पाठवायची विनंती त्याच दिवशी टाकता आली असती, सोबत दुसरा फोन नंबर आणि घराजवळची खूणही देता आली असती. पण तसं केलं तर डबा पोचतो. काहीच केलं नाही, की दोन-तीन प्रयत्नांचे शेरे पडून तो सांगलीला परत येतो. परतीचं भाडं अनेकदा तुमच्याच माथी बसतं, आणि आत ओल्या नारळाच्या करंज्या असतील तर डबा उघडताना खिडकी उघडी ठेवा.

आता एका धोक्याची सूचना. काही विक्रेते असलं काहीतरी लिहून बसतात:

"ताई, पहिल्या आंघोळीला फराळ ताटात नव्हता, फार वाईट वाटलं. सोमवारी पाठवते म्हणाले आणि बुधवारी संध्याकाळी दिला, ही चूक माझी. डबा काल रात्रीपासून बंगळुरूच्या गोदामात आहे. मी आत्ता कुरिअरला फोन लावते आणि दुपारी १ पर्यंत काय कळलं ते तुम्हाला सांगते. पाडव्याआधी येणार नसेल किंवा आता नकोच असेल, तर पैसे आजच परत करते. तुम्हाला काय हवं ते सांगा."

बघा, किती उघडं पडलंय बिचारं! स्वतःच्या वाटणीचे दोन दिवस कबूल केले, आणि उरलेला उशीर कुरिअरचा असूनही त्याच्या नावानं बोटं मोडली नाहीत. "उद्या नक्की मिळेल" असं दडपून सांगायची सोय होती, तीही सोडली, का तर गाडी आपल्या हातात नाही म्हणे. हातात होता तो फक्त फोन, म्हणून वचन फोनचंच दिलं. आता दुपारी १ वाजता, कुरिअरवाल्यानं फोन उचललाच नसला तरी, "अजून काही कळलं नाही, ४ वाजता पुन्हा विचारते" एवढं लिहावंच लागणार. नाही लिहिलं, तर सकाळचं "वाईट वाटलं" तिथंच खोटं ठरतं.

शिवाय असल्या उत्तरानं ताईंचा आवाज खाली येतो. मग त्या लिहितात, "बरं, पाडव्यापर्यंत वाट बघते. पैसे राहू द्या. पण चकल्या मोडल्या नसतील ना हो?"

आता यालाही उत्तर द्या.